पुढचा हप्ता मागायचं पत्र: आधीच्या पैशाचा हिशोब एका पानात कसा मांडायचा

छोट्या संस्थेत हिशोब आणि रिपोर्टचं काम करणाऱ्यांसाठी हे लिहितोय. फंडरकडून पहिला हप्ता येतो, काम सुरू होतं, चार महिने कसे जातात कळत नाही आणि मग एक दिवस अकाउंटमध्ये बघितलं तर पुढच्या महिन्याचं मानधन द्यायला पैसे नाहीत. मग घाईघाईत पत्र लिहिलं जातं, त्यात आकडे चुकतात, फंडर शंका विचारतो, आणि या शंका-उत्तरांत दीड महिना जातो. मी स्वतः हे अनुभवलंय. एका वर्षी आमचं असंच एक पत्र तीनदा परत आलं होतं, कारण पत्रातला खर्चाचा आकडा एक, सीएच्या सर्टिफिकेटवरचा दुसरा आणि बँक स्टेटमेंटवरून निघणारा तिसरा. पैसा कुठेही इकडचा तिकडे झालेला नव्हता, तिन्ही आकडे आपापल्या जागी बरोबरच होते, फक्त वेगवेगळ्या पद्धतीने काढलेले होते. तोपर्यंत वाड्यांवर शिकवणाऱ्या मुलींचं दोन महिन्यांचं मानधन थकलं आणि ते त्यांना समजावून सांगणं फार जड गेलं.

म्हणून एकच उदाहरण घेऊन सगळं सांगतो. उदाहरण बेतलेलं आहे पण असे प्रोजेक्ट मी बरेच हाताळलेत, त्यामुळे आकडे जमिनीवरचेच वाटतील. समजा अकोले तालुक्यात राजूरच्या पुढे ८ वाड्यांवर संध्याकाळची अभ्यासिका चालते, पहिली ते पाचवीची मुलं. एका कंपनीच्या सीएसआरमधून वर्षाला १२ लाख मंजूर झालेत, वर्ष जुलै ते जून. हप्ते तीन: ५० टक्के सुरुवातीला, ३० टक्के मध्ये, २० टक्के शेवटी. म्हणजे ६ लाख, ३ लाख ६० हजार आणि २ लाख ४० हजार. पहिला हप्ता जूनअखेरीस आला. आता दुसरा मागायचाय.

आधी एमओयू काढा आणि हप्त्याची अट वाचा

बहुतेक जण पत्र लिहायला बसतात तेव्हा करार उघडतच नाहीत, मागच्या वर्षीचं पत्र कॉपी करून तारीख बदलतात. पण दुसरा हप्ता कधी आणि कशावर मिळणार हे करारातच लिहिलेलं असतं. आपल्या उदाहरणात अट अशी: पहिल्या हप्त्याचा किमान ७५ टक्के खर्च, तिमाही रिपोर्ट, सीएचं युटिलायझेशन सर्टिफिकेट, आणि कुठल्याही हेडमध्ये वर्षाच्या बजेटपेक्षा १० टक्क्यांहून जास्त वाढ होणार असेल तर आधी लेखी परवानगी. प्रत्येक फंडरचं वेगळं असतं, कोणी ७५ म्हणतो, कोणी ८०, कोणाला सर्टिफिकेट फक्त वर्षाअखेरीस लागतं आणि मध्ये अध्यक्ष आणि खजिनदारांच्या सहीचा हिशोब चालतो. तुमच्या करारात जे आहे तेच धरायचं.

केंद्र सरकारची ग्रँट असेल तर गोष्ट वेगळी, तिथे सर्टिफिकेट जीएफआर १२-ए या ठरलेल्या फॉर्ममध्येच लागतं आणि ग्रँटवर मिळालेलं व्याज सरकारला परत भरावं लागतं, ते पुढच्या हप्त्यात वळतं करून घेता येत नाही. या लेखात मी सीएसआरचंच सांगतोय.

सीएसआरवाले सर्टिफिकेटसाठी एवढे का अडून बसतात ते एकदा समजून घेतलं की राग येत नाही. सीएसआरच्या नियमांप्रमाणे दिलेला पैसा ठरलेल्या कामासाठी आणि ठरलेल्या पद्धतीने वापरला गेलाय याची खात्री कंपनीच्या बोर्डाने करायची असते आणि तसं सर्टिफिकेट कंपनीच्या सीएफओने द्यायचं असतं. सीएफओ काही आपल्या वाडीवर येत नाही, तो आपल्या कागदावर विसंबून सही करतो. तेव्हा आपलं पत्र शेवटी त्या माणसाच्या टेबलावर जाणारे हे डोक्यात ठेवून लिहायचं. प्रोजेक्ट बघायला आलेल्या मॅडमना आपलं काम माहितीये म्हणून पत्र त्यांना उद्देशून गप्पा मारल्यासारखं लिहिलं तर ते आतल्या फायनान्सच्या माणसाला कळत नाही आणि तिथेच अडकतं.

पत्र कधी पाठवायचं ते उलटं मोजून ठरवा

७५ टक्के खर्च झाला की पत्र पाठवायचं असं सगळे धरतात, पण खरा प्रश्न हा की हातातला पैसा कधी संपतोय. आपल्या उदाहरणात ३० सप्टेंबरला ४,६६,००० खर्च झालेत, शिल्लक १,३४,०००. दिसायला बरी वाटते. पण सप्टेंबरचं मानधन ४०,००० अजून द्यायचंय (आम्ही पुढच्या महिन्याच्या ५ तारखेला देतो), म्हणजे मोकळे राहिले ९४,०००. महिन्याचा चालू खर्च असा: आठ जणींचं मानधन ४०,०००, समन्वयकाचा पगार १८,०००, प्रवास साधारण ६,०००, ऑफिस आणि हिशोब ९,०००, एकूण ७३,०००. ऑक्टोबर निघाला की उरले २१,०००, आणि नोव्हेंबरअखेरीस समन्वयकाचा पगार, प्रवास, ऑफिस मिळूनच ३३,००० लागणार. म्हणजे दुसरा हप्ता नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्याच्या आत खात्यात हवा.

आता कंपनीला किती वेळ लागतो? पहिल्या हप्त्याच्या वेळी कागद दिल्यापासून पैसे यायला किती दिवस लागले ते मेल उघडून मोजा, तोच तुमचा अंदाज. समजा सहा आठवडे. शिवाय मध्ये दिवाळी. मग पत्र ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या आत गेलंच पाहिजे. आणि सीएचं काय? सप्टेंबर म्हणजे सीएंच्या ऑडिटच्या मुदतीचा महिना, त्यांना तेव्हा फोन केला तर दोन-दोन दिवस उचलला जात नाही, म्हणून ऑगस्टमध्येच सांगून ठेवायचं की सर, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात एक सर्टिफिकेट लागणारे, मी हिशोब तयार करून आणतो. सीएच्या सर्टिफिकेटवर यूडीआयएन नंबर असतो, १८ आकडी-अक्षरी, तो आलाय का ते तिथेच बघून घ्या कारण तो नसेल तर फंडर सर्टिफिकेट परत पाठवतो.

कट-ऑफ तारीख एकच ठेवा

माझं पत्र तीनदा परत आलं त्याचं कारण इथे होतं. पत्र लिहिताना मी कॅशबुकवरून आजपर्यंतचा खर्च घेतला होता, सीएने महिनाअखेरचा घेतला आणि त्यात द्यायचं बाकी असलेलं मानधनही धरलं, आणि बँक स्टेटमेंट तिसऱ्याच तारखेपर्यंतचं जोडलेलं.

आता मी एक तारीख ठरवतो, शक्यतो महिन्याची शेवटची, आणि पत्र, रिपोर्ट, सर्टिफिकेट, बँक स्टेटमेंट सगळं त्याच तारखेचं. पत्र ८ ऑक्टोबरचं असलं तरी हिशोब ३० सप्टेंबरचाच. त्यानंतर जे झालं ते पुढच्या रिपोर्टमध्ये.

दुसरं म्हणजे खर्च म्हणजे नक्की काय हे सीएशी आधी बोलून घ्यायचं. प्रत्यक्ष दिलेले पैसे ४,६६,०००. सप्टेंबरचं देणं धरलं तर ५,०६,०००. दोन्ही आकडे खरे आहेत, पण सर्टिफिकेटवर एक आणि पत्रात दुसरा आला की संपलं. मी नेहमी प्रत्यक्ष दिलेलेच खर्च म्हणून दाखवतो आणि देणं वेगळ्या ओळीत लिहितो, कारण मग बँकेशी ताळा बसतो. ७५ टक्क्यांची अट ४,५०,००० ला पूर्ण होते, आपण ७७.६७ टक्क्यांवर आहोत, त्यामुळे देणं धरून आकडा वाढवायची गरजही नाही. समजा तुमचे दिलेले पैसे ७२ टक्केच आहेत आणि देणं धरून ८० होतात, तर ते चोरून मिसळू नका, पत्रातच स्पष्ट लिहा की प्रत्यक्ष दिलेले इतके, देणं इतकं, मिळून इतकं. बरेच फंडर ते मान्य करतात. लपवलेलं मात्र स्टेटमेंटवरून दोन मिनिटांत दिसतं.

आता ताळा. पहिला हप्ता ६,००,००० अधिक बँकेचं व्याज २,१४०, त्यातून खर्च ४,६६,००० वजा, राहिले १,३६,१४०. बँकेत त्या दिवशी १,३४,६९० आणि हातात रोख १,४५०, बेरीज १,३६,१४०. जुळलं. हे जुळत नाही तोपर्यंत पत्राचा एक शब्दसुद्धा लिहू नका. प्रोजेक्टचं वेगळं बँक खातं असेल तर हे दहा मिनिटांचं काम आहे, आणि सगळे प्रोजेक्ट एकाच खात्यात असतील तर प्रोजेक्टवार लेजर काढून करावं लागतं, तिथे हमखास काहीतरी सापडतं, जसं की दुसऱ्या प्रोजेक्टच्या झेरॉक्सचं बिल इथे पडलंय, किंवा समन्वयकाचा पूर्ण पगार दोन फंडरकडे लागलाय. हे दुसरं फार गंभीर आहे, चुकून झालं असलं तरी. एक माणूस दोन प्रोजेक्टला असेल तर पगार किती टक्के कुठे पडतो ते सुरुवातीलाच ठरवून लिहून ठेवायला हवं.

हेडप्रमाणे खर्च बघा आणि जिथे फरक आहे तिथेच बोला

३० सप्टेंबरला आपली परिस्थिती अशी आहे:

| हेड | वर्षाचं बजेट | ३० सप्टेंबरपर्यंत खर्च |
|---|---|---|
| शिकवणाऱ्यांचं मानधन | ४,४०,००० | ७०,००० |
| समन्वयक पगार | २,१६,००० | ५४,००० |
| पुस्तकं, पाट्या, साहित्य | २,००,००० | १,६१,००० |
| सोलर दिवे, ८ केंद्रं | ९६,००० | ८४,००० |
| प्रशिक्षण, वर्षातून २ | ८०,००० | ४६,५०० |
| प्रवास | ६०,००० | २३,५०० |
| ऑफिस, हिशोब, ऑडिट | १,०८,००० | २७,००० |
| एकूण | १२,००,००० | ४,६६,००० |

हा तक्ता फंडरच्या नजरेने वाचा. पहिली गोष्ट त्याला खटकेल ती साहित्याची, तीन महिन्यांत २ लाखांपैकी १ लाख ६१ हजार संपले? याचं उत्तर सोपं आहे, साहित्य वर्षाच्या सुरुवातीलाच घ्यावं लागतं, एका ओळीत सांगायचं आणि पुढे जायचं.

मानधन कमी दिसतंय, ७०,००० च. कारण दोन वाड्यांवर शिकवायला कोणी मिळत नव्हतं म्हणून ती केंद्रं जुलैऐवजी ऑगस्टमध्ये सुरू झाली, तिथे १०,००० वाचले, आणि सप्टेंबरचं मानधन ऑक्टोबरमध्ये जाणार. उशीर झाला हे लिहायला संकोच वाटतो मला माहितीये, पण ७०,००० चा आकडा समोर असताना कारण दिलं नाही तर वाचणारा स्वतःच्या मनाने कारण लावतो, आणि ते आपल्या कारणापेक्षा नेहमी वाईट असतं.

सोलर दिव्यांना केंद्रामागे १२,००० धरले होते, कोटेशन तीन घेतल्यावर १०,५०० ला मिळाले, १२,००० वाचले.

आता जास्तीचा खर्च. पहिलं प्रशिक्षण दोन दिवसांचं होतं, पावसात रस्ता बंद झाला, सगळ्या एक दिवस जास्त राहिल्या, जेवण आणि राहणं वाढलं, ४०,००० चे ४६,५०० झाले. दुसरं प्रशिक्षण ४०,००० मध्येच होईल म्हणजे वर्षाचं ८६,५००, बजेटपेक्षा ६,५०० जास्त, साधारण ८ टक्के, १० च्या आत आहे. प्रवास मात्र बघा. तीन महिन्यांचं बजेट १५,००० आणि गेले २३,५००. भर पावसात तिकडच्या वाड्यांवर बाइक जात नाही, समन्वयकाला जीप करावी लागली. पुढे पाऊस नसल्याने महिन्याला ६,००० वर येईल, उन्हाळ्यात आणखी कमी, पण वर्षाअखेर ६०,००० चे ६८,५०० होणार हे आत्ताच दिसतंय. ते १४ टक्क्यांच्या वर जातं, म्हणजे करारानुसार परवानगी लागणार.

ही परवानगी याच पत्रात मागायची, वेगळी नाही आणि वर्षाअखेरीस तर नाहीच. दोन्ही मिळून १५,००० जास्त लागतायत आणि वाचलेत २२,००० (दिवे १२,००० आणि मानधन १०,०००). म्हणजे जास्तीचा पैसा मागत नाहीये, आतल्या आतच फिरवतोय. बहुतेक फंडर याला हो म्हणतात. पण जूनमध्ये, खर्च होऊन गेल्यावर, त्याच फंडरला विचारलं तर तोच ८,५०० मान्य करत नाही आणि ते संस्थेच्या खिशातून जातात. छोट्या संस्थेला तेवढे पण जड असतात.

जीपच्या खर्चाचं एक सांगतो, कारण तिथे नेहमी अडतं. जीपवाला छापील बिल देत नाही. मग आतलं व्हाउचर बनवायचं, त्यावर तारीख, कुठून कुठे, किती किलोमीटर, गाडी नंबर, ड्रायव्हरची सही. रक्कम ५,००० च्या वर असेल तर पावतीवर एक रुपयाचा रेव्हेन्यू स्टॅम्प. आणि शक्य तिथे पैसे यूपीआयने किंवा बँकेतून. नुसती "प्रवास २,५००" अशी चिठ्ठी सीए आणि फंडर दोघंही मानत नाहीत.

कामाचं सांगताना चार आकडे पुरतात, पण खरे हवेत

पत्रात कामाचा सारांश पाच-सहा ओळींचा, त्याहून मोठा नको, रिपोर्ट वेगळा जोडलेला असतोच. पण आकडे कशातले किती ते कळलं पाहिजे. "२०० हून अधिक मुलांना लाभ" असं लिहिलं तर वाचणाऱ्याला काहीच समजत नाही. त्याऐवजी: ८ केंद्रांत २१४ मुलांची नोंद, सप्टेंबरमध्ये रोजची सरासरी हजेरी १६८. हजेरी कमी का? शेतीच्या कामांच्या दिवसांत मोठी मुलं शेतावर जातात, हे तिथल्या प्रत्येकाला माहितीये पण मुंबईत बसलेल्या माणसाला नाही, म्हणून लिहायचं.

वाचनाचं असंच. जुलैत १९० मुलांची वाचन चाचणी घेतली होती. सप्टेंबरअखेर त्यातली १७२ सापडली, बाकीची कुटुंबासोबत बाहेरगावी गेली किंवा आश्रमशाळेत दाखल झाली. आता तुलना त्याच १७२ मुलांची करायची. त्यातली ६६ जुलैत साधा परिच्छेद वाचू शकत होती, आता ९८ वाचतात. कोणी जुलैतल्या १९० मधला आकडा आणि आत्ताच्या २१४ मधला आकडा शेजारी ठेवतो, तो दिसतो छान पण अनुभवी फंडर लगेच विचारतो की ही तीच मुलं आहेत का, आणि आपल्याकडे उत्तर नसतं. ६६ वरून ९८ हा आकडा छोटा असला तरी त्यामागे यादी आहे, आणि विचारलं तर आपण नावानिशी दाखवू शकतो.

आता प्रत्यक्ष पत्र

विषयाच्या ओळीत प्रोजेक्टचं नाव, करार नंबर, कितवा हप्ता आणि रक्कम, हे चारही हवं. कंपनीतल्या माणसाकडे अशी तीसेक पत्रं असतात, त्याला शोधताना सापडलं पाहिजे. मागणी पहिल्याच परिच्छेदात. संस्थेचा इतिहास, आभाराचे दोन परिच्छेद, सुविचार, यातलं काही नको, आभार एक ओळ पुरे. खालचं पत्र मराठीत दिलंय, कंपनी इंग्रजीत मागत असेल तर क्रम हाच ठेवून इंग्रजीत करा.

> दि. ८ ऑक्टोबर
>
> प्रति,
> मा. सीएसआर विभागप्रमुख,
> (कंपनीचं नाव आणि पत्ता)
>
> विषय: संध्याकाळची अभ्यासिका प्रकल्प, करार क्र. ____, दुसरा हप्ता रु. ३,६०,००० मिळण्याबाबत
>
> महोदय / महोदया,
>
> सप्रेम नमस्कार. वरील प्रकल्पासाठी आपल्याकडून पहिला हप्ता रु. ६,००,००० जूनअखेरीस मिळाला, त्याबद्दल आभारी आहोत. कराराच्या कलम ____ नुसार ७५ टक्के खर्चाची अट पूर्ण झाली असून दुसरा हप्ता रु. ३,६०,००० नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत द्यावा अशी विनंती आहे.
>
> ३० सप्टेंबरपर्यंत पहिल्या हप्त्यातून प्रत्यक्ष दिलेला खर्च रु. ४,६६,००० (७७.६७ टक्के) आहे. शिल्लक रु. १,३४,००० असून त्यापैकी सप्टेंबरचे मानधन रु. ४०,००० ऑक्टोबरमध्ये देय आहे. बँक व्याज रु. २,१४० वेगळे दाखवले आहे, त्याच्या वापराबाबत आपली सूचना कळवावी. हेडनिहाय तपशील सोबतच्या तक्त्यात आहे.
>
> या काळात आठही केंद्रे सुरू झाली. दोन केंद्रांना शिक्षिका उशिरा मिळाल्याने ती ऑगस्टपासून सुरू झाली. २१४ मुलांची नोंद असून सप्टेंबरची सरासरी हजेरी १६८ आहे, शेतीच्या कामांमुळे ती कमी राहिली. जुलै आणि सप्टेंबर दोन्ही वेळा चाचणी झालेल्या १७२ मुलांपैकी परिच्छेद वाचणारी मुले ६६ वरून ९८ झाली.
>
> साहित्याची खरेदी वर्षाच्या सुरुवातीला करावी लागते म्हणून त्या हेडचा खर्च जास्त दिसतो. पावसाळ्यात जीप वापरावी लागल्याने प्रवासाचा वर्षाचा खर्च रु. ६०,००० ऐवजी रु. ६८,५०० होईल. पहिल्या प्रशिक्षणावर रु. ६,५०० जास्त खर्च झाला. हे एकूण रु. १५,००० सोलर दिव्यांत वाचलेले रु. १२,००० आणि मानधनात वाचलेल्या रु. १०,००० मधून भागवण्यास आपली लेखी परवानगी मिळावी. एकूण मंजूर रकमेत वाढ मागत नाही.
>
> दुसरा हप्ता आणि सप्टेंबरचे मानधन दिल्यावर उरणारी शिल्लक रु. ९४,००० मिळून रु. ४,५४,००० होतील. त्यातून ऑक्टोबर ते फेब्रुवारीचा चालू खर्च रु. ३,६५,०००, दुसरे प्रशिक्षण रु. ४०,००० आणि उरलेले साहित्य रु. ३९,००० असे नियोजन आहे.
>
> सोबत: सीएचे सर्टिफिकेट, हेडनिहाय तक्ता, ३० सप्टेंबरपर्यंतचे बँक स्टेटमेंट, तिमाही रिपोर्ट, कॅन्सल चेक.
>
> कळावे,
> आपले विश्वासू,
> (सही) अध्यक्ष          (सही) खजिनदार
> संस्थेचे नाव, नोंदणी क्र., सीएसआर नोंदणी क्र., शिक्का

शेवटच्या परिच्छेदात पुढच्या पैशाचं काय करणार हे सांगितलंय, ते बरेच जण लिहीत नाहीत. पण फंडरच्या मनात प्रश्न असतोच की १ लाख ३४ हजार हातात असताना आणखी ३ लाख ६० हजार कशाला. ही बेरीज दिली की तो प्रश्न येत नाही. ४,५४,००० मधून ४,४४,००० लागतात, १०,००० हाताशी राहतात, एवढं ठीक आहे. त्याहून खूप जास्त उरत असेल तर तुम्ही लवकर मागताय असं दिसेल.

बिलं जोडायची का? करारात नसेल तर नाही. दोनशे पानांचा गठ्ठा पाठवला की त्यातलंच एखादं अर्धवट बिल बघून शंका येतात. फक्त सगळी फाइल हेडनुसार आणि तारखेनुसार लावून तयार ठेवा, मागितली तर त्याच दिवशी स्कॅन करून पाठवता आली पाहिजे.

पाठवण्याआधी तीन गोष्टी दुसऱ्याकडून तपासून घ्या

दुसऱ्याकडून म्हणतोय कारण लिहिणाऱ्याला स्वतःची चूक दिसत नाही. पत्र, तक्ता, सर्टिफिकेट, स्टेटमेंट टेबलावर शेजारी ठेवायचे आणि त्या माणसाने ४,६६,००० हा आकडा सगळीकडे बोटाने दाखवायचा. मग तारीख सगळीकडे ३० सप्टेंबरच आहे ना. तिसरं, सह्या करणारे आणि बँक खात्याचे तपशील.

हे तिसरं क्षुल्लक वाटतं पण पैसे यातच अडकतात. वर्षात विश्वस्त बदलले असतील, नवे अध्यक्ष सही करतायत, पण धर्मादाय आयुक्तांकडे चेंज रिपोर्ट दिलेलाच नाही, तर कंपनीचा लीगल विभाग विचारतो की ही सही कोणाची. बदल झाल्यापासून ९० दिवसांत तो रिपोर्ट द्यायचा असतो. मंजुरी यायला वेळ लागतो हे सगळ्यांना माहितीये, म्हणून दाखल केल्याची पोच आणि संस्थेचा ठराव जोडला तर सहसा चालतं. खात्यावरचं नाव आणि नोंदणीवरचं नाव अक्षरशः एकच हवं, "शिक्षण संस्था" आणि "शिक्षण व संशोधन संस्था" एवढ्या फरकानेही पेमेंट परत आलेलं बघितलंय.

पाठवल्यानंतर

मेल एकच करा, सगळं अटॅच, फाइलींना नावं कळतील अशी द्या, आणि मेलच्या मजकुरात चार ओळी: किती मागतोय, किती खर्च झाला, कुठली परवानगी हवी, सोबत काय आहे. मूळ सहीचं पत्र मागितलं असेल तर स्पीड पोस्टने. आठ दिवसांनी फोन, पण "पैसे कधी येतील" असं न विचारता "कागदांत काही कमी आहे का" असं विचारायचं, त्याचं उत्तर समोरच्याला लगेच देता येतं आणि काही कमी असेल तर ते तेव्हाच कळतं.

शंका आली तर उत्तर त्याच दिवशी द्या आणि आकडा बदलणार असेल तर फक्त मेलमध्ये दुरुस्ती लिहून सोडू नका. पत्र, तक्ता, सर्टिफिकेट, जिथे जिथे तो आकडा आहे तिथे बदलून पूर्ण संच पुन्हा पाठवा, वर "सुधारित" आणि तारीख लिहून. नाहीतर सहा महिन्यांनी ऑडिटर येतो तेव्हा फाइलीत दोन पत्रं, दोन आकडे आणि कुठलं खरं ते कोणालाच आठवत नाही.

आणि नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत काहीच हालचाल दिसली नाही तर शिकवणाऱ्या मुलींना तेव्हाच सांगून टाका की या महिन्याचं मानधन आठ-दहा दिवस उशिरा होऊ शकतं. त्या समजून घेतात. ५ तारीख उलटून गेल्यावर त्यांनीच फोन करून विचारावं लागलं की मग घरी त्यांना बोलणी बसतात, आणि पुढच्या महिन्यात एखादं केंद्र बंद पडलेलं असतं.